वर्गणीदार नेमका कधी गळतो?

छापील मासिकाच्या वेष्टणावर पत्त्याच्या वरच्या कोपऱ्यात वर्गणी संपण्याचा महिना छापलेला असायचा. तो महिना आला की अंकात एक चिठ्ठी सापडे, ‘आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे.’ वाचक कंटाळला होता की नाही, हे कचेरीला वर्षातून एकदाच कळे. मार्चमध्येच अंक न उघडता बाजूला पडू लागले असले तरी ती बातमी पोचायला डिसेंबर उजाडे.

आता मोबाइलवरच्या मासिकाची, गोष्टी ऐकवणाऱ्या ॲपची किंवा दूरचित्रवाहिनीची वर्गणी महिन्यामहिन्याला खात्यातून वळती होते. त्यामुळे वाचक वर्षातून बारा वेळा ठरवतो, राहायचं की जायचं. कचेरीत बारा वेळा माहिती येते खरी, पण ती नीट मांडली नाही तर त्या एका चिठ्ठीपेक्षाही जास्त फसवते. ती मांडायची एक जुनी आणि साधी रीत आहे. एकाच महिन्यात आलेल्यांची एक तुकडी धरायची, शाळेत ‘अ’ तुकडी, ‘ब’ तुकडी असते तशी, आणि पुढे प्रत्येक तुकडीतले किती उरले ते मोजत जायचं. धंद्यातले लोक याला ‘कोहॉर्ट टेबल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द रोमन सैन्यातल्या एका तुकडीचाच आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत, पण अशा तक्त्यांची ठेवण अशीच असते. समजा, एक मराठी कथामासिक फक्त मोबाइलवर निघतं. वर्गणी महिना ९९ रुपये. जानेवारीत सुरू झालं आणि आपण जूनच्या अखेरीला हिशेब बघत आहोत. जानेवारीत ४०० वर्गणीदार होते, फेब्रुवारीत ८००, मार्चमध्ये १,२२२, एप्रिलमध्ये १,४९६, मेमध्ये थोडे घटून १,४३१ आणि जूनमध्ये १,६८५. मेमधला खळगा सोडला तर आलेख चढता आहे. संपादक खूश, पैसे घालणारेही खूश.

पण सहा महिन्यांत एकूण २,७०० लोकांनी वर्गणी भरली होती. उरले १,६८५. म्हणजे १,०१५ माणसं येऊन निघूनही गेली. ती कधी गेली, हे वरच्या चढत्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. नवी भर त्या जाण्यावर पांघरूण घालते.

आता तेच लोक तुकड्यांत मांडू. पहिल्या रकान्यात तुकडीचा महिना, दुसऱ्यात तिच्यात आलेले लोक, आणि पुढे प्रत्येक रिन्यूअलला त्यांतले शेकडा किती उरले.

| तुकडी | आलेले | पहिले | दुसरे | तिसरे | चौथे | पाचवे |
|---|---|---|---|---|---|---|
| जानेवारी | ४०० | ७५ | ६३ | ५९ | ५० | ४८ |
| फेब्रुवारी | ५०० | ७४ | ६२ | ५२ | ५० | |
| मार्च | ६०० | ७५ | ५६ | ५२ | | |
| एप्रिल | ५०० | ६७ | ५७ | | | |
| मे | ३०० | ८२ | | | | |
| जून | ४०० | | | | | |

उजवीकडचा खालचा कोपरा रिकामा आहे, कारण ते महिने अजून उजाडलेले नाहीत. जूनमध्ये आलेल्याचं पहिलं रिन्यूअल जुलैत येईल. असा तक्ता नेहमी त्रिकोणीच असतो.

आडवं वाचन

आधी एकच ओळ आडवी वाचू या. जानेवारीत ४०० जण आले. फेब्रुवारीत त्यांतल्या ३०० जणांनी पुन्हा पैसे भरले, मार्चमध्ये २५२, एप्रिलमध्ये २३६, मेमध्ये २००, जूनमध्ये १९२.

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. शंभरातले ७५ राहिले, मग ६३, मग ५९, असं वाचत गेलं की नजर शेवटच्या ४८ वर थांबते आणि निष्कर्ष निघतो, ‘पाच महिन्यांत निम्मे गेले.’ ते खोटं नाही, पण आपला प्रश्न होता कधी गेले. त्यासाठी प्रत्येक पायरीला वेगळा भागाकार करावा लागतो. त्या महिन्याच्या उंबरठ्यावर जितके उभे होते, त्यांतले किती परत फिरले?

पहिल्या पायरीला ४०० जण उभे होते, १०० गेले, म्हणजे शेकडा २५. दुसऱ्या पायरीला ३०० उभे होते, ४८ गेले, शेकडा १६. तिसऱ्या पायरीला २५२ मधून १६, म्हणजे सहाच्या आसपास. इथवर चित्र स्पष्ट आहे. पहिल्या रिन्यूअलला मोठी गळती, दुसऱ्याला मध्यम, आणि जो तिसऱ्यापर्यंत टिकला तो बऱ्यापैकी स्थिरावला. फेब्रुवारीच्या तुकडीच्या पहिल्या दोन पायऱ्याही जवळजवळ अशाच आहेत, म्हणून हा जानेवारीचा योगायोग नव्हे.

हा उंबरठ्याचा हिशेब वर्गणीच्या धंद्याने शोधलेला नाही. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅलीने १६९३ साली ब्रेस्लाउ शहरातल्या मृत्यूंच्या नोंदींवरून एक तक्ता प्रसिद्ध केला होता. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. एक वर्षाच्या १,००० मुलांपासून सुरुवात करून पुढच्या प्रत्येक वयाला किती उरतात, असं त्यात मांडलं होतं. आयुष्यभर दरसाल ठरावीक रक्कम हवी असेल तर आज किती पैसे घ्यावेत, हे त्यावरून काढता येई. विम्याचं गणित आजही असंच चालतं. चाळिशीचा माणूस एकेचाळीस गाठेल का, हे विचारताना तो जन्मला तेव्हाचे हजार उपयोगाचे नसतात. चाळिशीला जे हजर आहेत, तेवढेच मोजायचे.

तिरपं वाचन

आता जानेवारीच्या ओळीतली पुढची पायरी बघा. चौथ्या रिन्यूअलला २३६ मधून ३६ गेले, म्हणजे शेकडा १५. तिसऱ्या पायरीला सहावर आलेली गळती एकदम अडीच पटीने वाढली आणि पाचव्या पायरीला पुन्हा ४ वर आली. चौथ्या महिन्यात वाचकाला कंटाळा येतो की काय? एकच ओळ हातात असती तर बैठकीत हेच ठरलं असतं, आणि चौथ्या महिन्यासाठी खास भेट अंकाची योजनाही निघाली असती.

पण खालची ओळ बघा. फेब्रुवारीच्या तुकडीला चौथ्या रिन्यूअलला काहीच झालेलं नाही. ५२ वरून ५०. तिचा मोठा उतार तिसऱ्याला आहे, ६२ वरून ५२. मार्चच्या तुकडीचा उतार दुसऱ्याला जास्त आहे. जानेवारी-फेब्रुवारीच्या तुकड्या तिथे ६२-६३ वर होत्या, ही ५६ वर. एप्रिलची तुकडी पहिल्यालाच ७५ ऐवजी ६७ वर. आता या चार घरांवर बोट ठेवा: ५०, ५२, ५६, ६७. ती उजवीकडून डावीकडे तिरपी उतरतात. जानेवारीचं चौथं, फेब्रुवारीचं तिसरं, मार्चचं दुसरं आणि एप्रिलचं पहिलं रिन्यूअल एकाच महिन्यात येतं, मेमध्ये.

तक्ता कसा वाचायचा, याची किल्ली इथे आहे. उभ्या रकान्यात वर्गणीदाराचं वय असतं, तिरप्या रेषेत कॅलेंडर असतं. एखादी खोच सगळ्या तुकड्यांच्या एकाच रकान्यात दिसली तर ती वर्गणीदाराच्या वयाशी बांधलेली असते. तीच खोच तिरपी धावली तर त्या महिन्यात बाहेर काहीतरी घडलेलं असतं आणि ते नव्याजुन्या सगळ्यांना लागलेलं असतं.

आपल्या उदाहरणात काय घडलं? मेमध्ये मासिकाने खात्यातून पैसे वळते करणारी मधली कंपनी बदलली. जुन्या कंपनीकडे दिलेली संमती नव्या कंपनीला चालली नाही, म्हणून प्रत्येक वर्गणीदाराला मोबाइलवर पुन्हा मंजुरी द्यावी लागली. काहींनी ती दिली नाही. कुणाला तो संदेश संशयास्पद वाटला, कुणाच्या तो नजरेतूनच सुटला. यांतल्या अनेकांनी ‘वर्गणी बंद करा’ हे बटण दाबलंच नव्हतं. नोंदीत गळती दोन्हींची सारखीच दिसते, म्हणून गेलेल्यांच्या यादीत आणखी एक रकाना हवा. स्वतः बंद केलं, की पैसे आले नाहीत? मेमध्ये गेलेल्यांपैकी आदल्या आठवड्यापर्यंत कथा वाचत असलेले किती, हे बघितलं की फरक लगेच दिसतो. कंटाळलेला माणूस जाण्यापूर्वीच वाचणं सोडतो. पैसे अडकलेला माणूस शेवटच्या दिवसापर्यंत वाचत असतो.

नेहमीच्या दराने चार तुकड्यांतून जेवढे गेले असते, त्यापेक्षा मेमध्ये सुमारे १३५ जण जास्त गेले. यांना भेट अंक देऊन उपयोग नव्हता. त्यांना संमतीची लिंक पुन्हा पाठवून, ती का पाठवत आहोत ते दोन ओळींत सांगायला हवं होतं.

भारतात या तिरप्या रेषेला आणखी एक कारण असू शकतं. रिझर्व्ह बँकेचे आपोआप होणाऱ्या कार्ड-वसुलीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाले. त्यांनुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. म्हणजे जुन्या मासिकातली ती चिठ्ठी आता दर महिन्याला येते, आणि ती येते बँकेकडून. हे नियम लागू झाले त्या काळातून जाणारा कुठलाही तक्ता वाचताना त्या तारखेची तिरपी रेषा आधी तपासावी.

उभं वाचन

उभा रकाना वाचायचा तो आपण सुधारतो आहोत का हे पाहण्यासाठी. पहिल्या रिन्यूअलचा रकाना वरून खाली वाचू: ७५, ७४, ७५, ६७, ८२. एप्रिलच्या ६७ चं कारण आता माहीत आहे, ते बाजूला ठेवू. उरतं मेच्या तुकडीचं ८२. तीन तुकड्या पंचाहत्तरच्या आसपास होत्या, ही त्यांच्या बरीच वर.

मेमध्ये मासिकाने नव्या वर्गणीदारांना संपादकांचं स्वागतपत्र पाठवायला सुरुवात केली होती. कुठल्या पाच कथांपासून वाचायला लागावं, हे त्यात सांगितलेलं होतं. पत्राची वाहवा झाली. आधी विचारायचं, हा नुसता योगायोग असेल का? ३०० जणांत शेकडा ७५ म्हणजे २२५ टिकायला हवे होते, टिकले २४६. एवढ्या संख्येत सात-आठ जणांचा फरक सहज पडतो. एकवीस जणांचा सहसा पडत नाही. तेव्हा काहीतरी खरोखर बदललं आहे.

पण बदललं ते पत्रामुळेच का? मेमध्ये तुकडी फक्त ३०० ची आहे, मार्चच्या निम्मी. कारण मेमध्ये जाहिरातीवरचा खर्च जवळजवळ थांबवला होता. म्हणून दोन्ही तुकड्या आणखी फोडून बघू या. मार्चच्या ६०० पैकी ४०० जण मोबाइलवरची जाहिरात बघून आले होते आणि २०० जण ओळखीच्या माणसाने सांगितलं म्हणून. जाहिरातीच्या ४०० पैकी २८० टिकले, शेकडा ७०. सांगून आलेल्या २०० पैकी १७० टिकले, शेकडा ८५. दोन्ही मिळून ४५०, म्हणजे ७५. मेमध्ये जाहिरातीतून फक्त ६० आले, त्यांतले ४२ टिकले. शेकडा ७०. सांगून आलेले २४० होते, त्यांतले २०४ टिकले. शेकडा ८५.

दोन्ही गट तसूभरही हलले नाहीत. बदललं ते त्यांचं प्रमाण. दुधात पाणी कमी पडलं म्हणून दूध दाट दिसलं, म्हैस तीच होती. स्वागतपत्राने निदान पहिल्या रिन्यूअलवर काहीच फरक पाडलेला नाही.

‘कधी जातात’ या मूळ प्रश्नाचं उत्तरही इथे पालटतं. पहिल्या उंबरठ्यावर पाव लोक परततात, हे सरासरीचं बोलणं झालं. मार्चमध्ये जाहिरातीवरून आलेल्यांतले १२० पहिल्याच रिन्यूअलला गेले, सांगून आलेल्यांतले फक्त ३०. दोन वेगळी माणसं आहेत, आणि सरासरी जिच्याविषयी बोलते ती तिसरी माणसं कुठेच नाहीत.

हीच भेसळ मोठ्या प्रमाणावर महिन्याच्या एकूण गळतीत होते. एप्रिलमध्ये आदल्या महिन्याच्या १,२२२ वर्गणीदारांपैकी २२६ गेले, शेकडा साडेअठरा. जूनमध्ये १,४३१ पैकी १४६ गेले, शेकडा दहा. गळती जवळपास निम्म्यावर आली, असा अहवाल कुणीही आनंदाने लिहील. पण एप्रिलच्या उंबरठ्यावर मार्चचे ६०० नवखे उभे होते, जूनच्या उंबरठ्यावर मेचे ३००. नवखे जास्त जातात, जुने कमी. नवखे निम्मे आले म्हणून एकूण गळती घटली. मेची तुकडी नेहमीसारखी पंचाहत्तर टक्क्यांवरच राहिली असती, तरी जूनची गळती पावणेबारा टक्क्यांच्या पुढे गेली नसती. नवे वर्गणीदार आणणं पूर्ण बंद केलं तर हा आकडा आणखी सुंदर दिसेल, आणि मासिक हळूहळू बंद पडेल.

तक्ता कुठे फसवतो

दोन गोष्टी हाताशी ठेवायला हव्यात. पहिली, तक्ता कुठल्या दिवशी काढला. हाच तक्ता १५ जूनला काढला असता तर जूनची रिन्यूअल अर्धीच झालेली असती आणि शेवटची अख्खी तिरपी रेषा कोसळलेली दिसली असती. तेव्हा तिरपी घसरण दिसली आणि ती नेमकी शेवटच्या रेषेवरच असली, तर बाहेर काय घडलं ते शोधण्याआधी तारीख बघावी. महिना मिटल्याशिवाय त्याची घरं भरू नयेत, किंवा भरलीच तर ती फिक्या रंगात ठेवावीत.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. तक्त्यातली गळती पैसे न आल्याच्या दिवशी नोंदवली जाते, निर्णयाच्या दिवशी नाही. पाच मार्चला आलेल्याने आठ मार्चला बटण दाबलं, तरी भरलेल्या पैशांत तो पाच एप्रिलपर्यंत वर्गणीदार असतो आणि तक्ता त्याला एप्रिलमध्ये हटवतो. म्हणून ‘पहिल्या रिन्यूअलला २५ टक्के जातात’ हे कळल्यावर त्या सगळ्यांनी बटण कुठल्या दिवशी दाबलं, हे वेगळं मांडावं. बहुतेक बटणं पहिल्या तीन-चार दिवसांत दाबली गेली असतील तर लोक मासिक वाचून कंटाळलेले नाहीत. त्यांना हवं ते पहिल्याच बैठकीत सापडलं नाही, किंवा एकच कथा वाचायची होती आणि ती वाचून झाली. बटणं पंचविसाव्या दिवसाच्या पुढे दाटलेली असतील तर पैसे कापण्याच्या सूचनेने आठवण करून दिली आणि माणसाने हिशेब केला, ‘मी महिन्यात काय वाचलं?’ तक्त्यात दोघेही एकाच घरात पडतात. पहिल्यासाठी जाहिरातीत काय सांगितलं ते तपासावं लागतं, दुसऱ्यासाठी महिन्याच्या मधल्या पंधरवड्यात काय प्रसिद्ध होतं ते.

जूनच्या ४०० ची ओळ अजून कोरी आहे, आणि समजलं की नाही याची परीक्षा तिथेच आहे. समजा, त्यांतले २०० जाहिरातीतून आणि २०० सांगून आले. जुन्या दराने १४० आणि १७०, म्हणजे ३१० जण जुलैत पुन्हा पैसे भरतील. हा आकडा ३० जूनलाच पेन्सिलने रकान्यात लिहून ठेवायचा. जुलै मिटल्यावर ३०० किंवा ३२० आले तर ती नेहमीची हेलकाव्याची मर्यादा आहे, हर्ष-खेद नको. ३४० आले तर मात्र स्वागतपत्र पुन्हा बाहेर काढून वाचावं. आणि २७० आले तर आधी विचारावं, आजची तारीख काय आहे?